मदत हवी आहे: मांड्यांच्या व्हिडिओसाठी तीनपैकी कोणती फ्रेम कव्हरला लावू?

अमळनेरकर_ताई:
आमच्या बचत गटातल्या काकू खापरावरचे मांडे करतात, त्याचा उभा व्हिडिओ केला आहे, १०८०×१९२० चा. आखाजीच्या आधी टाकायचा आहे. वर 'खापरावरचे मांडे' एवढंच लिहायचंय. गटाच्या ऑर्डरच्या पानावर हेच कव्हर आपोआप मधोमध चौकोनी कापून दिसतं, तिथे सरकवायची सोय नाही. तीन फ्रेम काढल्यात:

अ) काकूंनी मांडा दोन्ही हातांवर पसरवलाय. दृश्य फार देखणं आहे, पण अर्धा चेहरा मांड्याआड गेलाय. डोक्यावर मोकळी भिंत आहे.
ब) काकू कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. चेहरा सगळ्यात स्पष्ट, पण फ्रेममध्ये बराच वर आहे.
क) खापरावर मांडा टाकताना. चेहरा थोडा बाजूने दिसतो, नजर खाली, जरा धूर. डावीकडे काजळलेली भिंत रिकामी आहे.

मला ब आवडते. लोक काकूंना ओळखूनच ऑर्डर देतात.

रावेरचा_केळीवाला:
माझ्या केळीच्या बागेच्या व्हिडिओला मी आडवं चित्र लावतो, डावीकडे घड आणि उजवीकडे मोठी अक्षरं. तुम्हीही आडवंच करा, जागा भरपूर मिळते.

अमळनेरकर_ताई:
दादा, व्हिडिओ उभाच आहे. आडवं केलं तर काकू बारीक दिसतील.

धरणगाव_७७:
चौकोनाचं टेन्शन घेऊ नका. इन्स्टाग्रामने २०२५ च्या सुरुवातीलाच प्रोफाइलवरची चौकट उभी केली, ३:४ ची. ब लावून टाका.

तापीकाठ_एडिटर:
इन्स्टाग्रामचं बरोबर आहे, पण ताईंचं ऑर्डरचं पान अजून चौकोनीच कापतंय. १९२० उंचीतून मधला १०८० चा चौकोन घेतला की वरचे ४२० आणि खालचे ४२० पिक्सेल जातात. ३:४ मध्ये वरखाली फक्त २४० जातात. म्हणजे चौकोनात नीट बसलेलं तिथेही बसतंच.

ताई, प्रत्येक फ्रेममध्ये चेहरा वरून किती पिक्सेलवर सुरू होतो नि कुठे संपतो, ते मोजून सांगा. फोटो एडिटरमध्ये कर्सर नेला की आकडा दिसतो.

अमळनेरकर_ताई:
अ: ५०० ते ८५०. ब: ३०० ते ६४०. क: ६२० ते ९००.

तापीकाठ_एडिटर:
मग ब मध्ये ४२० च्या वरचा भाग गेला की कपाळ संपलं आणि डोळे अगदी काठावर आले. अख्ख्या उभ्या चित्रात ती सगळ्यात छान वाटते, म्हणूनच फसवते. अ मध्ये चेहरा चौकोनात बसतो, पण ज्या मोकळ्या भिंतीवर तुम्ही नाव लिहाल ती भिंतच कापली जाते. मग नाव मांड्यावर आणावं लागेल, आणि पांढऱ्या मांड्यावर अक्षर उठत नाही.

क मध्ये चेहरा चौकोनाच्या उंचीच्या पावभर आहे, तेवढा पुरतो. भिंतीचा रिकामा भाग चौकोनाच्या आतच असेल तर नाव दोन ओळींत तिथे लिहा. दोन ओळींत अंतर जास्त सोडा, नाहीतर खालच्या ओळीतली मात्रा आणि अनुस्वार वरच्या ओळीत घुसतात.

निर्णय मोठ्या पडद्यावर घेऊ नका. तिन्ही चौकोन फोनवर दिसतात तेवढे लहान करून शेजारी ठेवा:

```
ffmpeg -i k.png -vf "crop=1080:1080:0:420,scale=360:360" k_lahan.png
```

चोपड्याची_माय:
क नंबर भारी शे. पण नजर खाली शे ना, लहान चित्रात डोळे मिटेल वाटतीन.

अमळनेरकर_ताई:
लहान करून बघितलं. माय म्हणतात तसंच झालं, काकू झोपल्यासारख्या दिसतात. ब मध्ये डोळ्यांच्या वर काहीच उरत नाही.

तापीकाठ_एडिटर:
मायचं खरं आहे. पण क म्हणजे एकच फ्रेम नाही. व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर त्या एका सेकंदात ३० चित्रं आहेत. ऍपमधल्या पट्टीवर बोट सरकवलं की मधली कित्येक निसटतात. VLC मध्ये थांबवून `E` दाबत पुढे जा, एकेक फ्रेम सरकते. मांडा खापरावर टेकला की हात क्षणभर थांबतात, तिथे हाताचं धूसरपण सगळ्यात कमी असतं. त्याच्या लगेच पुढे काकूंनी मान वर केली असेल तर बघा.

अमळनेरकर_ताई:
सापडली! मांडा टाकून झाल्यावर काकू सुनेकडे बघतात, डोळे उघडे आहेत. चेहरा ६०० ते ८९०, भिंत तशीच रिकामी. फक्त त्या फ्रेममध्ये धूर नेमका गालावर आलाय.

धरणगाव_७७:
मग ब च खाली सरकवा की. वर भिंतीचाच रंग भरायचा.

तापीकाठ_एडिटर:
जमेल. २०० पिक्सेल खाली घेतली तर चेहरा ५०० ते ८४० वर येतो. पण खालचे २०० जातात आणि नाव खापरावर लिहावं लागतं, म्हणजे मांडा झाकला. मी धुराची फ्रेम घेईन, धूर डोळ्यांवर नसेल तर. ताई, डोळ्यांपर्यंत आलाय का?

अमळनेरकर_ताई:
डाव्या डोळ्याच्या कडेला थोडा. अजून पाच-सहा फ्रेम पुढे जाऊन बघते. काकूंना मात्र अ च हवीय, "मांडा हातावर दिसलाच पाहिजे" म्हणतात.