उ: छापलेली अक्षरं आणि सबटायटल फाइल

> व्हिडिओवर मराठी अक्षरं छापलीच आहेत, मग वेगळी फाइल कशाला?

छापलेली अक्षरं चित्राचाच भाग होतात. ती मोठी करता येत नाहीत, बंद करता येत नाहीत आणि यूट्यूब त्यांचं भाषांतरही दाखवू शकत नाही. वेगळी .srt फाइल दिली की हे सगळं जमतं.

पण मी चुकलो ते दुसरीकडेच. सोलकढीच्या फोडणीचा व्हिडिओ केला, बोललेलं सगळं शब्दशः लिहिलं. एका कर्णबधिर ताईंनी विचारलं, "'आवाज आला की हिंग घाला' म्हणता, पण कसला आवाज, आणि कधी?" मोहरी तडतडत होती, पण तो काही माझा संवाद नव्हता, म्हणून लिहिलाच नव्हता! मग ती ओळ अशी केली:

```
12
00:01:04,200 --> 00:01:07,000
[मोहरी तडतडते]
आता हिंग घाला.
```

वेळेत सेकंदानंतर स्वल्पविराम हवा, टिंब नको. फाइल UTF-8 मध्येच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात (माझी पहिली फाइल तशीच गेली होती). आपोआप बनलेल्या सबटायटलमध्ये मसाल्यांची नावं हमखास बिघडतात, तेवढी तरी हाताने तपासा.