शब्दचर्चा: 'आर्थिक वर्ष 2025' म्हणजे नेमकं कुठलं?

हिशोबी_मन: विक्रीच्या रिपोर्टला वर्षवार बेरीज हवी होती म्हणून मी बिलाच्या तारखेतून 3 महिने वजा करून त्याचं वर्ष घेतलं, एप्रिल 2024 ते मार्च 2025 सगळं 2024 मध्ये छान जमा झालं. कॉलमला नाव दिलं 'आर्थिक वर्ष 2024'. साहेब म्हणाले हे मागच्या वर्षाचे आकडे कशाला काढलेस! त्यांच्या डोक्यात ते वर्ष 2025. आता बरोबर कोण? आणि 'आर्थिक वर्ष' म्हणायचं की 'वित्तीय वर्ष'?

शाईचा_डाग: मराठीत आर्थिक वर्ष रुळलंय, सरकारी कागदात वित्तीय वर्षही दिसतं, 'वित्त वर्ष' मात्र हिंदी बातम्यांतून आलंय असं मला वाटतं. पण तुमची भानगड त्या शब्दाची नाहीच, एकट्या आकड्याची आहे. आपल्याकडे कागदोपत्री 2024-25 असं जोडनावच लिहितात. कंपन्यांच्या निकालात FY25 लिहितात तेव्हा ते संपण्याचं वर्ष असतं, म्हणजे साहेबांचं बरोबर.

जुना_मुनीम: आमच्या वेळी वही दिवाळी पाडव्याला बदलायची, तेच व्यापाऱ्याचं वर्ष, एप्रिलबिप्रिल नंतर आलं. 1989-90 च्या आकारणीपासून करासाठी सगळ्यांना मार्च एंड सक्तीचा झाला. तुम्ही पाडव्यापासून का धरत नाही?

हिशोबी_मन: काका, पाडव्याची तारीख दरवर्षी सरकते हो, आणि रिपोर्ट सीएला द्यायचाय.

टेबल_तोडे: जे नाव द्यायचं असेल त्यावरून गणित ठरतं. सुरुवातीचं वर्ष हवं तर 3 महिने वजा, संपण्याचं हवं तर 9 महिने अधिक. गट तेच पडतात, फक्त पाटी बदलते. मी तरी दोन्ही टोकं लिहितो म्हणजे वादच नको.

```sql
SELECT CONCAT(YEAR(bill_date - INTERVAL 3 MONTH), '-',
       RIGHT(YEAR(bill_date + INTERVAL 9 MONTH), 2)) AS varsh,
       SUM(amount) AS vikri
FROM bills
GROUP BY varsh;
```

वजा केलेल्या तारखेवर QUARTER लावलं की एप्रिल-जून पहिली तिमाही येते, तेवढा फायदा फुकटचा.

घाईत_आहे: एवढं कशाला, तारखेतून सरळ 90 दिवस वजा करा, जानेवारी-फेब्रुवारी-मार्च मिळून 90 च होतात की. आमच्याकडे तेच चालू आहे, कधी काही झालं नाही.

टेबल_तोडे: 31, 28, 31 म्हणजे 90, खरंय. पण 2024 लीप वर्ष. 31 मार्च 2024 हा वर्षाचा 91 वा दिवस, त्यातून 90 गेले की उरतो 1 जानेवारी 2024, म्हणजे ते बिल गेलं पुढच्या वर्षात. बरं 91 वजा करावेत तर साध्या वर्षी 1 एप्रिल मागच्या 31 डिसेंबरवर जाऊन पडतो. दिवसांचा एकही आकडा दोन्हीकडे चालत नाही, म्हणून महिनेच वजा करायचे. काही जण घाबरतात की 31 मे मधून 3 महिने काढले तर 31 फेब्रुवारी कुठून आणणार, पण डेटाबेस महिन्याच्या शेवटच्या दिवसावर थांबतो, वर्ष आणि तिमाही काही बदलत नाही.

घाईत_आहे: थांबा, बघतो.

घाईत_आहे: अरे देवा. सीएच्या आकड्याशी 2023-24 मध्ये 3,42,000 चा फरक होता तो आम्ही सरळ 'इतर' म्हणून सोडून दिला होता 😅 तो बरोब्बर 31 मार्चच्या बिलांचा निघाला. रविवार होता पण वर्षअखेर म्हणून मुद्दाम बिलं फाडली होती.

टेबल_तोडे: सगळ्या वर्षांची एकूण बेरीज जुळतच असते म्हणून हे कुणाच्या नजरेत येत नाही. प्रत्येक गटाची सगळ्यात लवकरची आणि सगळ्यात उशिराची तारीख शेजारी छापून बघा. तुमच्याकडे एक गट 30 मार्चला संपून पुढचा 31 मार्चला सुरू झालेला दिसेल.

शाईचा_डाग: आणि 'आकारणी वर्ष' म्हणजे आणखी वेगळं हं, 2024-25 च्या कमाईचं आकारणी वर्ष 2025-26. रिपोर्टवर नुसतं 'वर्ष' लिहिलंत तर सीए ते आकारणीचं समजू शकतो.

हिशोबी_मन: कॉलमचं नाव 'आर्थिक वर्ष' ठेवतो, आत 2024-25. साहेबांना तरी FY25 च हवंय, सोमवारी बघू कोण हटतं ते.

जुना_मुनीम: आमच्या वहीत वर संवत लिहायचो, त्यात हा प्रश्नच नव्हता.