50,000 लाभार्थी लिहू की 7,000 मुलं?

धारवाट, इंदूर
धार आणि बडवानी जिल्ह्यांतल्या सरकारी शाळांत बरीच वर्षं काम करते आहे. आता पीथमपूरच्या एका कारखान्याच्या सीएसआर विभागात आणि एका मोठ्या फाउंडेशनमध्ये अर्ज करायचा आहे. सीव्हीत तीन आकडे आहेत: 50,000 लाभार्थी, 4 कोटी निधी उभारला, आणि तिसरीत परिच्छेद वाचू शकणारी मुलं 18 टक्क्यांवरून 56 टक्क्यांवर. संस्थेच्या वार्षिक अहवालात हेच छापलं आहे. एक मैत्रीण म्हणते असंच ठेव, दुसरी म्हणते मुलाखतीत अडकशील. काय करावं?

पाटणीपुरा
असंच ठेवा. मी भरतीच्या कामात आहे. कंपनीत सीव्ही आधी एचआरकडे जातो. एका जागेला दोनशे अर्ज आले की आकडा आणि हुद्दा यांवर नजर फिरते, तेवढ्यावरच पहिली चाळणी होते. बाकीचे उमेदवार लाख-लाख लाभार्थी लिहितात. तुम्ही सात हजार लिहिलंत तर छोटं काम केलेली बाई म्हणून बाजूला पडाल. खरं-खोटं मुलाखतीत समजावता येतं, पण आधी तिथे पोहोचायला हवं ना?

निमाडी
ताई, आधी एक सांगा. 50,000 कसे झाले? तेच ठाऊक नसेल तर ठेवा की काढा, दोन्ही सल्ले हवेत आहेत.

धारवाट, इंदूर
120 शाळा, पहिली ते तिसरी, तीन वर्षं. दर वर्षी साधारण 4,200 मुलं, म्हणून 12,600. प्रत्येक मुलामागे आई, वडील आणि एक भावंड धरून चार माणसं. त्याचे 50,400.

निमाडी
मी एका फाउंडेशनच्या निवड समितीत काही वर्षं बसलो आहे. हा गुणाकार आम्ही सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि तो मागे सोडवणं मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांचं काम असतं.

भावंडं आणि आईवडील आधी बाजूला ठेवू. तुमच्या कार्यक्रमात त्यांच्यासाठी वेगळं काही होत होतं का? मातांच्या बैठका झाल्या असतील तर हजेरीपत्रक असेल, त्यातल्या आया वेगळ्या मोजा. नसेल तर ती माणसं घरात राहतात एवढाच त्यांचा कार्यक्रमाशी संबंध. आता 12,600 घ्या. पहिल्या वर्षी पहिलीत असलेला मुलगा पुढच्या वर्षी दुसरीत गेला, त्यानंतर तिसरीत. तो तीनदा मोजला गेला. वेगवेगळी मुलं किती? पहिल्या वर्षीची तिन्ही वर्गांची 4,200, आणि पुढच्या दोन वर्षांत पहिलीत नव्याने आलेली दर वर्षी साधारण 1,400. बेरीज 7,000. नापास, नाव कमी, नाव दाखल यांनी थोडं इकडेतिकडे होईल, पण आकडा याच्या आसपासच राहणार.

मी तो असा लिहीन: 'धार व बडवानीतल्या 120 शासकीय शाळा, पहिली ते तिसरी, तीन वर्षांत सुमारे 7,000 मुलं (प्रत्येक मूल एकदाच मोजलेलं)'. कंसातले शब्द मुद्दाम ठेवा. ते वाचल्यावर समितीतल्या माणसाला कळतं की समोरच्या बाईला दुहेरी मोजणी म्हणजे काय ते माहीत आहे.

पाटणीपुरा
ठीक. पण मग दर मुलाचा खर्च बघा. 4 कोटी भागिले 50,000 म्हणजे 800 रुपये. 4 कोटी भागिले 7,000 म्हणजे 5,700. कंपनीवाला म्हणेल, एवढं महाग? खरं सांगून तुम्ही तिचंच नुकसान करताय.

निमाडी
हा मुद्दा चांगला आहे, आणि नेमका याच जागी फाउंडेशनचा माणूस उलट विचार करतो. तीन वर्षांत मुलामागे 800 रुपये, आणि तेवढ्यात वाचन 38 अंकांनी वाढलं? वह्या-पुस्तकं आणि दोन प्रशिक्षणं यांतच ते पैसे संपतात. शाळेत दर पंधरवड्याला जाणारा माणूस त्यात बसत नाही. म्हणजे एक तर लाभार्थी फुगवलेत किंवा निकाल. दोन आकडे एकमेकांना खोटं पाडतात.

शिवाय 4 कोटी सगळे रोख होते का?

धारवाट, इंदूर
नाही. एका कंपनीचे तीन वर्षांचे 2.6 कोटी, त्याच कंपनीने वाढवून दिलेले 90 लाख, आणि बाकं व पुस्तकं मिळून 50 लाखांच्या वस्तू. पहिले 2.6 कोटी आमच्या संस्थापकांच्या ओळखीतून आले. प्रस्ताव आणि बजेट मी लिहिलं. 90 लाखांचं सगळं काम माझं: भेटी, सादरीकरण, बोलणी.

निमाडी
मग रोख 3.5 कोटी. 7,000 मुलांवर 5,000 रुपये, किंवा शाळेमागे वर्षाला जवळपास एक लाख. शाळेच्या भाषेत सांगितलं की तो महाग वाटत नाही. कारखान्याच्या सीएसआर प्रमुखाला शाळा ही एकक म्हणून लगेच कळते, कारण त्याला आसपासच्या गावांतल्या शाळाच घ्यायच्या असतात.

आणि 'उभारला' या एका क्रियापदात तुम्ही तीन वेगळी कामं भरली आहेत. 90 लाख उभारले. 2.6 कोटींचा प्रस्ताव लिहिला आणि तो निधी सांभाळला. 50 लाखांच्या वस्तू मिळवून वाटल्या. सीएसआरची नोकरी पैसे मागण्याची नाही, देण्याची आणि त्यांचा हिशेब घेण्याची आहे. तिथे सांभाळण्याला उभारण्यापेक्षा जास्त किंमत आहे. हप्ते वेळेवर आले का, विनियोग प्रमाणपत्रावर सीएने काही शेरा मारला का, वर्षअखेरीस किती पडून राहिलं, हे तुम्हाला विचारतील. मंजूर किती, हातात किती आले आणि खर्च किती झाले, हे तीन आकडे वेगळे पाठ ठेवा.

स्नेहलतागंज
एक गोष्ट सुटते आहे. सीएसआरच्या नियमांत 5 टक्क्यांवर पगार चालत नाहीत. ताईंच्या बजेटात शाळांत फिरणाऱ्या माणसांचे पगार बरेच असणार. सीव्हीत त्याचा उल्लेखही करू नका.

निमाडी
5 टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं, पण ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर करायच्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांचा थेट खर्च त्यात धरत नाहीत, तो प्रकल्पाचाच खर्च. शाळेत जाऊन शिक्षकाबरोबर वर्गात बसणारा माणूस हाच मुळी कार्यक्रम आहे. हा फरक मुलाखतीत नीट सांगता आला तर उलट फायदाच होईल.

महाराजवाडा, ग्वाल्हेर
आमच्या वडिलांच्या नावाने छोटा ट्रस्ट आहे, दर वर्षी मुलांना गणवेश देतो. कंपनीकडून पैसे घ्यायला काय लागतं? आम्हालाही असे आकडे दाखवावे लागतील का?

स्नेहलतागंज
दादा, इथे नोकरीच्या अर्जाचं चाललं आहे. तरी सांगते: 1 एप्रिल 2021 पासून कंपनीचं सीएसआर काम हाती घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी झाली आहे का ते आधी सीएकडून बघून घ्या. बाकी वेगळं विचारा.

धारवाट, इंदूर
18 वरून 56 चं काय? चाचणी आम्ही खरोखर घेतली आहे. मुलासमोर परिच्छेद ठेवून, एकेकाची.

निमाडी
शंका चाचणीवर नाही. पहिली चाचणी कधी आणि शेवटची कधी?

धारवाट, इंदूर
जुलै आणि फेब्रुवारी. तिसरीची 1,400 मुलं जुलैत, फेब्रुवारीत 1,050.

निमाडी
350 मुलं गेली कुठे, हे तुम्हालाही माहीत आहे. दिवाळी झाली की बडवानीची, धारच्या कुक्षीकडची कुटुंबं गुजरातेत मजुरीला जातात आणि भगोरियाला, होळीला परततात. फेब्रुवारीच्या चाचणीत ती मुलं नसतात. नेमकी हीच मुलं वाचनात मागे असतात. म्हणजे शेवटच्या चाचणीतून कच्ची मुलं आपोआप गळली आणि टक्का तेवढ्यानेच वर गेला.

त्यामुळे दोन्ही चाचण्या दिलेली 1,050 मुलं वेगळी काढा आणि त्यांचा जुलैचा टक्का बघा. शेजारच्या, कार्यक्रम नसलेल्या शाळांत तुम्ही काही मोजलं होतं का?

धारवाट, इंदूर
आत्ताच नोंदी उघडून बघितल्या. त्या 1,050 मुलांपैकी जुलैत 22 टक्के वाचत होती, फेब्रुवारीत 56. दुसऱ्या संकुलातल्या 20 शाळांतही जनशिक्षकांच्या मदतीने तीच चाचणी घेतली होती. तिथे 21 वरून 37.

निमाडी
हा तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा कागद आहे, आणि तो सीव्हीत नाही! तिसरीतलं मूल जुलै ते फेब्रुवारी शाळेत बसलं तर कार्यक्रमाशिवायही काही शिकतं. शेजारच्या शाळांनी 16 अंक तसेच मिळवले. तुमची मुलं 34 अंकांनी पुढे गेली. मधला फरक 18 अंकांचा. तो सगळा तुमच्यामुळेच असं म्हणू नका, कारण त्या 20 शाळा चिठ्ठी टाकून निवडलेल्या नव्हत्या. पण 'दोन्ही चाचण्या दिलेल्या 1,050 मुलांत 22 वरून 56 टक्के, त्याच काळात शेजारच्या 20 शाळांत 21 वरून 37' एवढी एक ओळ लिहिलीत तर समितीतला माणूस हात थांबवून वाचेल. आणि 'टक्के वाढ' लिहू नका. 22 वरून 56 ला 34 टक्के वाढ म्हटलंत तर गणित जाणणारा तिथेच खूण करेल.

पाटणीपुरा
फाउंडेशनसाठी मान्य. कारखान्याच्या एचआरला ही ओळ समजणार नाही, हे माझं म्हणणं कायम आहे.

निमाडी
त्यात तथ्य आहे. कारखान्याच्या सीव्हीत 120 शाळा, 3.5 कोटी आणि दोन जिल्हे वर ठेवा, वाचनाची ओळ त्याखाली. आकडे मात्र तेच हवेत, दोन अर्जांत दोन सत्यं नकोत.

अलकापुरी, वडोदरा
माझं काम छोटा उदेपूरकडे बचत गटांत आहे. बेसलाइन कधी झालीच नाही. संस्थेने 'महिलांचं उत्पन्न दुप्पट' छापलं आहे. माझ्याकडे फक्त बँकेतली कर्जफेड आणि गटांच्या वह्या आहेत. मी परिणाम लिहूच नये का?

निमाडी
उत्पन्न लिहू नका. किती गटांना बँकेचं दुसरं, तिसरं कर्ज मिळालं आणि फेड कशी होती ते लिहा. वेळेवर फेड झाल्याशिवाय बँक सहसा पुढचं कर्ज देत नाही, आणि ते बँकेच्या कागदावर आहे. सगळ्या बायांचं आयुष्य त्यात येत नाही, पण जे आहे ते पक्कं आहे.

धारवाट, इंदूर
माझी अडचण अजून राहिलीच. संस्थेच्या अहवालात 50,000 छापलेत. मी 7,000 लिहिले आणि त्यांनी आमच्या संचालकांना फोन केला, तर ते 50,000 च सांगणार. खोटी कोण ठरेल?

स्नेहलतागंज
म्हणून मी म्हणेन, संस्थेचाच आकडा लिहा आणि पुढे 'संस्थेच्या अहवालानुसार' असं जोडा. जिथे अजून पगार घेता, तिथल्या छापील आकड्याला खोडणारा कागद बाहेर पाठवणं बरं दिसत नाही.

निमाडी
मला ते पटत नाही. 'अहवालानुसार' लिहून जबाबदारी टळत नाही, सीव्हीवर नाव ताईंचं आहे. आणखी एक बघा. देणगीदार कंपनीची सीएसआरची सरासरी बांधिलकी 10 कोटी किंवा जास्त असेल, तर 1 कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पाचं, तो संपून किमान वर्ष झाल्यावर, तिला बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि तो अहवाल कंपनीच्या सीएसआर अहवालाला जोडावा लागतो. 2.6 कोटींचा प्रकल्प त्यात बसतो. तिथे मुलं एकदाच मोजली असतील तर 50,000 आणि तो आकडा शेजारी शेजारी दिसतील.

स्नेहलतागंज
आणि संचालक दुखावले तर? संदर्भासाठी नाव त्यांचंच द्यायचं आहे. तुम्ही समितीच्या खुर्चीतून बोलताय. त्यांना अजून त्याच ऑफिसात बसायचं आहे.

धारवाट, इंदूर
दोघांचंही डोक्यात ठेवते. संचालकांना सोमवारी भेटते आहे. 7,000 कसे आले ते कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवीन आणि संदर्भाचा फोन आला तर हा आकडा सांगाल का, असं सरळ विचारीन. ते नाही म्हणाले तर कारखान्याच्या अर्जात आकडा न लिहिता फक्त 120 शाळा लिहाव्यात, असं मला वाटतंय. फाउंडेशनच्या अर्जाचं काय करायचं ते अजून ठरत नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये 'एकूण लाभार्थी' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.