सॉते म्हणजे नुसतं परतणं नाही

> रेसिपीत ‘मशरूम सॉते करा’ लिहिलंय. मी परतले तर पाणीच सुटलं. आणि सिमर म्हणजे मंद आचेवर सॉतेच ना?

सॉतेमध्ये पदार्थातून सुटणारं पाणी लगेच उडून जायला हवं. तसं झालं तरच पृष्ठभाग तांबूस होतो. पॅन गच्च भरला की तो थंड पडतो, वाफ कोंडते आणि मशरूम स्वतःच्याच पाण्यात शिजतात. २५० ग्रॅम मशरूम असतील तर मोठ्या पॅनमध्येही दोन घाण्यांत करा. आधी पॅन नीट तापवा, चमचाभर तेल घाला, काप एका थरात पसरा आणि दोनेक मिनिटं हात लावू नका. सतत ढवळणं हीच नवशिक्यांची नेहमीची चूक. मीठ शेवटी घाला. आधी घातलं तर पाणी लवकर सुटतं.

कानही वापरा: चरचर आवाज म्हणजे ठीक, बुडबुड म्हणजे पाणी साचलंय. तसं झालंच तर झाकण न ठेवता आच मोठी करा. पाणी आटून पुन्हा चरचर सुरू झाली की रंग येऊ लागेल.

सिमर अगदी वेगळं. तिथे पदार्थ द्रवातच असतो आणि द्रव उकळीच्या किंचित खाली ठेवायचा, म्हणजे कडेला अधूनमधून लहान बुडबुडे दिसतात, खळखळ नाही.