बी.कॉम. करून डिजिटल मार्केटिंगला गेलेल्यांनो, अर्जाच्या मेलमध्ये काय लिहिलं होतंत?

निळीशाई
काल मामेबहिणीचा फोन आला. बी.कॉम. झालंय, टॅली येतं, गूगल ॲड्स घरीच शिकली, आता मेलमध्ये "अनुभव नाही" असं लिहू का म्हणे. मग मी माझा सांगलीतून पाठवलेला जुना मेल शोधून काढला. आमच्या काकू घरून फराळ विकतात, त्यांच्यासाठी मी इन्स्टाग्रामवर जाहिरात चालवली होती. मेलमध्ये कोर्सच्याही आधी हे लिहिलं होतं:

"जाहिरातीचा खर्च जीएसटी धरून 3,540 रुपये. व्हॉट्सॲपवर 41 जणांनी विचारलं, 9 ऑर्डरी आल्या. सामान, पॅकिंग, डिलिव्हरी वजा जाता ऑर्डरीमागे सरासरी 340 सुटले, म्हणजे 3,060. जाहिरातीचे 480 निघाले नाहीत. महिन्याभरात त्यातल्याच तिघांनी परत मागवलं, त्याचे 1,020 आले. शीटची लिंक खाली आहे."

मुलाखतीत बाकी काही विचारलंच नाही, फक्त एवढंच की ऑर्डरी जाहिरातीतूनच आल्या कशावरून? जाहिरातीच्या बटणावरून आलं की "फराळाची यादी पाठवा" हे वाक्य आधीच भरलेलं यायचं, ज्यांनी ते पाठवलं तेवढेच मी मोजले होते. तुमचेही मेल सांगा.

घाटमाथा
काकू अजून फराळ देतात का? पुण्यात पाठवतील? भाजणीची चकली हवी होती

निळीशाई
देतात की, व्यनि करते.

आडवाट
मी तरी सांगेन की सर्टिफिकेटं भरपूर टाका. गूगलच्या स्किलशॉपवर फुकट मिळतात, मी मेलमध्ये सगळी जोडली आणि कॉल आला. प्रोजेक्ट नसेल तर गूगलच्या डेमो अकाउंटचे आकडे आहेतच, गूगलच्याच दुकानाचा खरा डेटा असतो, तो प्रोजेक्ट म्हणून दाखवायचा.

भरदुपार
आडवाट, सर्टिफिकेटचं ठीक आहे, पण ती परीक्षा दर वर्षी परत द्यावी लागते, तारीख उलटून गेलेलं जोडू नका. डेमो अकाउंटवर मात्र जपून. मी एजन्सीत फ्रेशर्सचे अर्ज बघते, ते आकडे आम्ही ओळखतो. "डेमो अकाउंटवर सराव केला, मोबाइलवरून येणारे लोक कुठल्या पानावरून परत जातात ते पाहिलं" असं लिहिलं तर चालतं. "मी विक्री वाढवली" लिहिलं की अर्ज बाजूला.

निळीशाईचा मेल मला का आवडला सांगते. बहुतेक जण "रीच 18 हजार" लिहून थांबतात. तिने एका ऑर्डरीत किती सुटतात ते आधी काढलं आणि मग जाहिरातीचा खर्च त्याच्यासमोर ठेवला. कॉमर्सवाल्यांना हे शिकवावं लागत नाही, फक्त मेलमध्ये ते कुणी लिहीत नाही. 3,540 ला 9 ने भागा, ऑर्डरीमागे 393 पडतात, सुटतात 340, म्हणजे पहिल्या ऑर्डरीत तोटाच. तिघांची परत आलेली ऑर्डर धरली तर 540 वर. पण त्या तिघांनी जाहिरात नसती तरी दिवाळीनंतर मागवलं असतं का, हे एवढ्याशा आकड्यांवरून मी सांगणार नाही.

आणि लिंक! अर्ध्या शीट उघडतच नाहीत, परवानगी मागतात. शेअरिंगमध्ये Anyone with the link आणि Viewer ठेवा, मग इन्कॉग्निटोमध्ये स्वतः उघडून बघा. गिऱ्हाइकांचे फोन नंबर असतील तर तो कॉलम आधी काढा.

दोनताल
कुकर लावलाय, पटकन लिहितो. मी भावाच्या एसी रिपेअरसाठी गूगल ॲड्स लावल्या, फक्त नाशिक निवडलं तरी पुण्यामुंबईचे फोन. लोकेशनमध्ये मुळातच असा पर्याय निवडलेला असतो की नाशकात असलेलेही आणि नाशिकमध्ये रस दाखवणारेही. तो बदलून फक्त तिथे असलेले ठेवले. सर्च टर्म्स बघितल्या तर "एसी रिपेअर कोर्स" वरून पैसे जात होते, "कोर्स" निगेटिव्हमध्ये टाकला. मेलमध्ये एवढ्या दोनच गोष्टी लिहिल्या, आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडला. नोकरी लागली.

सायंतारा
मी एम.कॉम. करतेय, एमबीए मार्केटिंग करू की सीएस? घरचे सीएस म्हणतायत

घाटमाथा
सायंतारा, वेगळा धागा काढ ना, तिथे सीएसवाले भेटतील.

पाणवठा
तोटा पहिल्याच मेलमध्ये लिहावा हे मला नाही पटत. एचआरला कुठे कळतं, तो "480 निघाले नाहीत" एवढंच वाचतो आणि पुढे जातो. मी तोट्याचं मुलाखतीत सांगितलं, मेलमध्ये फक्त काय बदललं ते.

भरदुपार
मेल एचआरकडे जातोय की टीम लीडकडे, त्यावर आहे. मला लिहिलेला आवडतो. मोठ्या कंपनीत तुमचं म्हणणं बरोबर असेलही.

निळीशाई
मी थेट टीम लीडला पाठवला होता, ऑफिस छोटं होतं. बहिणीने मात्र पोर्टलवरच भरलाय, तिथे मोजकेच शब्द बसतात, त्यात आकडे घालावेत की नुसती लिंक? कुणी भरलाय का तसा?