उत्तर: लॉव्रीचा ब्लँक निळा का होतो

> "लॉव्रीत ब्लँकच निळा येतोय, बफरमध्ये डीटीटी आहे. बाययुरेट करू का?"

लॉव्री आणि बाययुरेट या दोन्ही प्रथिन मोजायच्या रंगचाचण्या, पण इथे बाययुरेटने काम होणार नाही. त्यात अल्कलीतलं तांबं पेप्टाइड बंधांशी जोडलं जाऊन जांभळा रंग येतो, पण त्याला मिलीलिटरला निदान एक मिलिग्रॅम प्रथिन लागतं. सीरममध्ये साठ-सत्तर असतं, तिथे ती उत्तम. तुमच्या कॉलमच्या फ्रॅक्शनमध्ये मायक्रोग्रॅमच असणार.

लॉव्रीत तांबं बांधलेलं प्रथिन, मुख्यतः त्यातले टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन, फोलिन अभिकर्मकाचं क्षपण करतं. डीटीटी स्वतःच क्षपणक असल्याने तेच काम प्रथिनाशिवाय करतं, म्हणून प्रथिन नसलेला ब्लँकही निळा. माझ्याकडे असंच झालं तेव्हा १०% टीसीए या आम्लाने प्रथिन बर्फात अवक्षेपित केलं, सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव टाकला आणि गोळी ०.१ नॉर्मल NaOH मध्ये विरघळवली. ब्लँक स्वच्छ आला. फोलिन घालताच लगेच ढवळा, अल्कलीत ते पटकन निकामी होतं.