मदत हवी आहे: विधानांच्या प्रश्नात कायम ओळखीचा पर्याय निवडणाऱ्या विद्यार्थिनीला लिहिलेले पत्र तपासून द्याल का?

खडूफळा

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात कायदा शिकवतो. एका विद्यार्थिनीचे वाचन चांगले आहे, पण 'खालीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत' म्हटले की जे वाक्य कानावरून गेलेले वाटते त्यावर ती टिक करते. तोंडी सांगून झाले, म्हणून लिहून देतोय. कायद्याची चूक असेल तर ती आधी सांगा, भाषेचे नंतर बघू.

> चि. ___ हिस,
>
> परवाच्या चाचणीतला चोरीचा प्रश्न पुन्हा समोर घे. भारतीय न्याय संहिता, कलम 303.
>
> अ) वस्तू तिच्या मालकाच्या ताब्यातून काढून घेतलेली असली पाहिजे.
> ब) वस्तू कायमची हिरावून घेण्याचा हेतू असला पाहिजे.
> क) झाड जमिनीला जोडलेले आहे तोवर त्याची चोरी होत नाही, तोडल्यावर होऊ शकते.
>
> पर्याय: 1) अ आणि ब 2) फक्त क 3) अ आणि क 4) वरील सर्व
>
> तू 1 निवडलास. उत्तर 2 आहे.
>
> 'मालक' आणि 'कायमची' हे शब्द तुला चोरीच्या जवळचे वाटले. झाडाचे वाक्य विचित्र वाटले, म्हणून सोडलेस. पण कलमात 'मालक' हा शब्दच नाही, 'कोणत्याही व्यक्तीच्या ताब्यातून' असे आहे. भाड्याने घेतलेली सायकल भाडेकरूच्या दारातून कोणी पळवली तर ती चोरीच, मालक गावाला असला तरी. दुरुस्तीला टाकलेले स्वतःचे घड्याळ दुकानातून गुपचूप उचलून आणले तरी चोरीच. 'कायमची' ही अट इंग्लंडच्या 1968 च्या कायद्यातली, आपल्याकडे नाही. बक्षीस मिळेपर्यंत वस्तू दाबून ठेवायची आणि मग परत करायची, एवढ्या हेतूने ती नेली तरी चोरी होते. आणि झाडाचे वाक्य कलमाच्या स्पष्टीकरणातलेच आहे.
>
> पुढच्या वीस प्रश्नांना असे कर. पर्यायांवर कोरा कागद ठेव. प्रत्येक विधानापुढे ✓, ✗ किंवा ? लिही आणि ज्या शब्दावर ते ठरले त्याला गोल कर. गोल करायला शब्द सापडत नसेल तर ✓ द्यायचा नाही, ? द्यायचा. मग कागद काढ आणि सगळ्यात खात्रीच्या विधानापासून पर्याय खोडत जा. इथे नुसते अ खोटे आहे एवढे कळले असते तरी 1, 3, 4 तिन्ही गेले असते. ब आणि क कडे बघावेही लागले नसते.

रातपाळी

सर, इतके कशाला? 'च', 'नेहमी', 'केवळ', 'आवश्यक' असे शब्द विधानात दिसले की ते चूक. याच्यावर निम्मा पेपर निघतो.

मुद्देमाल

@रातपाळी, निम्मा निघतो आणि निम्मा बुडतो. 'दरोड्यासाठी किमान पाच व्यक्ती असणे आवश्यकच आहे' हे विधान बरोबर आहे. चार जणांनी केली तर ती जबरी चोरी. प्रश्न काढणाऱ्यांनाही ही युक्ती माहीत असते, म्हणून ते खऱ्या विधानाला मुद्दाम 'च' जोडतात. त्यातून त्या मुलीची सवय मोडणार नाही. आज ओळखीचे वाक्य निवडते, उद्या ओळखीचा शब्द खोडेल.

@खडूफळा, पत्रात एक चूक आहे आणि ती नेमकी त्याच जातीची आहे. घड्याळाचे वाक्य अर्धे आहे. कलमाखालच्या उदाहरणांत दोन घड्याळे शेजारी शेजारी आहेत. एकात मालकाकडे दुकानदाराचे काहीच देणे नाही. तो दुकानात उघडपणे शिरतो आणि त्याच्या हातातून घड्याळ हिसकावून नेतो. तिथे अतिक्रमण आणि हमला होऊ शकतो, पण चोरी नाही, कारण हेतू अप्रामाणिक नाही. दुसऱ्यात दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत आणि त्यासाठी दुकानदाराने घड्याळ कायदेशीरपणे अडवून ठेवले आहे. ते तारण बुडवण्यासाठी मालक घड्याळ नेतो. ही चोरी. फरक गुपचूप की उघड याचा नाही, पैसे बाकी आहेत की नाहीत याचा आहे. तुमचे वाक्य तिच्या डोक्यात तसेच बसले तर 'स्वतःची वस्तू गुपचूप नेली तरी चोरी' हे तिचे पुढचे ओळखीचे विधान होईल.

खडूफळा

बरोबर. असे करतो: 'दुरुस्तीचे पैसे बाकी असताना दुकानदाराने अडवून ठेवलेले स्वतःचे घड्याळ, ते पैसे न देता त्याच्या संमतीशिवाय उचलून आणले तरी चोरी.' लांबते, पण ठीक आहे.

मुद्देमाल

लांबू द्या. 'बाकी' या शब्दाला तिला गोल करायला लावा.

सहाचा_गजर

माझाही हाच प्रॉब्लेम आहे. 302 म्हटले की खून, 420 म्हटले की फसवणूक, हात आपोआप जातो. नवीन संहितेचे आकडे पाठ करायला काही तक्ता आहे का कुणाकडे?

मुद्देमाल

तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण जात तीच. नव्या संहितेत खुनाची शिक्षा 103 मध्ये आहे. 302 आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचे. फसवणूक 318 मध्ये. एकूण कलमेच 358, त्यामुळे 420 नावाचे कलमच नाही. तक्ता करायचा तर फक्त अशा फसव्या आकड्यांचा करा, सगळ्या कलमांचा नको.

रातपाळी

मग जुने आकडे शिकवायचेच कशाला? ओळखच नसली तर फसणार कशी?

मुद्देमाल

1 जुलै 2024 च्या आधी घडलेले गुन्हे जुन्याच संहितेखाली चालतात. कोर्टात दोन्ही लागतात. नुसत्या परीक्षेपुरते म्हणाल तर तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, माझे अजून पक्के ठरलेले नाही.

शून्य_शिल्लक

मला वेगळीच शंका आहे. तिला विषय येतोय पण निवड चुकतेय, हे कशावरून? कदाचित तिला ती विधाने येतच नसतील.

खडूफळा

तपासलेले नाही. कसे तपासायचे?

शून्य_शिल्लक

सोडवून झालेले वीस प्रश्न घ्या. प्रत्येकी तीन धरली तर साठ विधाने होतात. पर्याय काढून, क्रम उलटसुलट करून चार दिवसांनी खरे-खोटे म्हणून द्या, उत्तरे मात्र आधी सांगू नका. मग तिने पूर्वी निवडलेल्या पर्यायातून प्रत्येक विधानाचे जे उत्तर निघते ते बाजूला मांडा. 'अ आणि ब' निवडले म्हणजे अ ✓, ब ✓, क ✗. दोन्ही रकाने विधानवार ताडा. सुटे विचारल्यावर बरोबर आणि पर्यायात चूक अशी जोडी बरीच निघाली तर पर्याय तिला ओढतायत, आणि तुमचे पत्र कामाचे. दोन्हीकडे तीच विधाने चुकत असतील तर कागद झाकून काही होणार नाही, कलम पुन्हा वाचायला बसवा.

प्रश्नांचे गुण आणि विधानांचे गुण थेट शेजारी ठेवू नका. साठपैकी अठ्ठेचाळीस आली तरी, चुका विखुरलेल्या असतील तर, तिन्ही विधाने बरोबर असलेले प्रश्न दहाच्या आसपास निघतात. त्यावरून निवडीचा दोष काढाल तर चुकेल.

खडूफळा

पत्र आठवडाभर थांबवतो. तिच्या चोरी आणि करार या दोन चाचण्यांतून साठ विधाने सुटी करून टाईप करायला घेतली आहेत. ज्या विधानांपुढे ती ? करेल ती कुठल्या रकान्यात धरायची?

शून्य_शिल्लक

तिसऱ्या. चुकीत घालू नका.